फराळाची पीडीएफ विकायची आहे, पण कोणी फॉरवर्ड केली तर?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)

आजचा भाग एका व्हॉइस नोटवरून सुरू करते. सांगलीची एक श्रोती आहे. नाव घेऊ नका म्हणाली, म्हणून घेत नाही. तिची आई गेली कित्येक वर्षं दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेते. दोघींनी मिळून २२ पदार्थांचं एक पुस्तक तयार केलं आहे, ५८ पानांची पीडीएफ. मागच्या दिवाळीपासून फाईल तयार आहे आणि अजून एकही प्रत विकलेली नाही. का, तर तिचा प्रश्न असा: "ताई, पहिल्याच गिऱ्हाइकाने ती फॅमिली ग्रुपवर टाकली तर आमची वर्षभराची मेहनत फुकट ना?"

आईचे गुडघे आता तासन् तास गॅससमोर उभं राहू देत नाहीत, म्हणून ऑर्डरी कमी करून पुस्तकातून थोडे पैसे यावेत अशी त्यांची योजना आहे. म्हणजे प्रश्न गमतीचा नाही. मी स्वतः घरखर्चाचा छापून घेण्याचा प्लॅनर ऑनलाइन विकते, त्यामुळे या धंद्याची आतली बाजू रोज बघते. माझं मत आधीच सांगून टाकते. चोरीची भीती खरी आहे, पण ती तिसऱ्या नंबरची आहे. पहिल्या नंबरला आहे फाईल गिऱ्हाइकाच्या फोनवर नीट पोचणं आणि उघडणं. दुसऱ्या नंबरला किंमत. त्याच क्रमाने जाऊ या.

[०२:४०] पैसे आले, आता फाईल कशी जाणार?

बहुतेक जण सुरुवात करतात ती अशी. इन्स्टावर पोस्ट टाकायची, खाली लिहायचं "डीएम करा", समोरचा यूपीआयने पैसे पाठवतो, स्क्रीनशॉट टाकतो, आपण व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवतो. याला नाक मुरडू नका. पहिल्या वीस-पंचवीस गिऱ्हाइकांसाठी मी हाच मार्ग सांगेन. एक तर यूपीआयवर तुमचा काही खर्च होत नाही. दुसरं म्हणजे लोक कुठे अडतात ते तुम्हाला समोरासमोर कळतं. कोणाच्या फोनवर फाईल उघडत नाही, कोणाला अक्षर बारीक वाटतं, कोण विचारतं "छापील नाही का?" ही माहिती नंतर कुठेच मिळत नाही.

फक्त एक नियम पाळा. स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवायचा नाही. पैसे भरल्याचा खोटा स्क्रीनशॉट बनवणारी ॲप्स आहेत, आणि दिवाळीच्या गर्दीत आपण बघतही नाही. आपल्या स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम जमा दिसली की मगच फाईल पाठवायची. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कोणी "मी पाठवतो, तुम्ही पिन टाका" म्हणालं तर तो गिऱ्हाईक नाही.

पण ही पद्धत रोज पाच-सहा प्रती गेल्या की दमवते. रात्री साडेअकराला कोणी पैसे टाकतं, तुम्ही झोपलेल्या असता, आणि सकाळपर्यंत तीन मेसेज आलेले असतात: "हॅलो", "मॅडम फाईल?", "फ्रॉड आहे का हे?" यात समोरच्याची चूक नाही. १४९ रुपये गेले आणि हातात काही नाही, म्हटल्यावर माणूस घाबरणारच.

मग लोक गूगल ड्राइव्हकडे वळतात आणि तिथे दोन टोकांना अडकतात. शेअर करताना "Anyone with the link" ठेवलं तर ती लिंक कायमची उघडी राहते, पुढे कोणालाही जाते. उलट एकेका ईमेलला परवानगी द्यायची म्हटलं, तर गिऱ्हाईक ऑर्डरला एक जीमेल देतं आणि फोनमध्ये लॉगिन असतं दुसरंच, नवऱ्याचं नाहीतर मुलाचं. त्याला दिसतं "Request access" आणि तुम्हाला दिवसभर परवानगीचे मेल येत राहतात. ड्राइव्ह फाईल साठवायला उत्तम आहे, दुकान म्हणून नाही.

पुढची पायरी म्हणजे पैसे आले की आपोआप फाईल देणारी व्यवस्था. ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एक, आपल्याकडच्या पेमेंट गेटवेचं पेमेंट पेज, उदाहरणार्थ रेझरपे. त्याचा नेहमीचा दर व्यवहाराच्या २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. गिऱ्हाईक यूपीआयनेच पैसे देतं, पैसे दिल्यावर पुढच्या पानावर पाठवायची सोय असते, तिथे डाउनलोडची लिंक ठेवता येते. दोन, गमरोड किंवा पेहिपसारखी तयार दुकानं. ती फाईल स्वतः साठवतात, ईमेलने पाठवतात, डाउनलोडची नोंद ठेवतात. सोय जास्त, पण शुल्काची घडण बघून घ्या. गमरोड तुमच्या लिंकवरून झालेल्या विक्रीला १० टक्के घेतं आणि शिवाय प्रत्येक विक्रीमागे ५० सेंट. आता ५० सेंट म्हणजे चाळीस रुपयांच्या वर. १४९ रुपयांच्या वस्तूवर ते चाळीस आणि १० टक्क्यांचे पंधरा, असे पंचावन्न रुपये गेले, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त. तेच तुम्ही परदेशातल्या गिऱ्हाइकाला ९ डॉलरला विकलं तर जातात १ डॉलर ४० सेंट, म्हणजे साधारण सहावा हिस्सा. ठरावीक रक्कम स्वस्त वस्तूला झोंबते, महागाला नाही. म्हणून सांगलीच्या पुस्तकाला पेमेंट पेज, आणि अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी वेगळी आवृत्ती काढली तर तिथे गमरोड, असं मी तिला सुचवलं. हे दर बदलत असतात, नोंदणी करायच्या दिवशी त्यांच्या पानावर एकदा बघा.

कुठलीही व्यवस्था घेतलीत तरी एक जागा हमखास गळते, ती म्हणजे ईमेल. gmail.com ऐवजी gmial.com असं टाइप होतं आणि फाईल हवेत जाते. किंवा बरोबर पोचते, पण "Promotions" मध्ये नाहीतर स्पॅममध्ये पडते. म्हणून पैसे दिल्यावर उघडणाऱ्या पानावरच डाउनलोडचं बटण हवं, आणि त्याखाली एक ओळ: फाईल मिळाली नाही तर या नंबरवर व्हॉट्सॲप करा. घरातल्या एखाद्या काकूंना स्वतः पैसे देऊन विकत घ्यायला सांगा आणि मागे उभं राहून गप्प बघा. कुठे बोट थांबतं ते कळेल.

[०८:१५] फाईल उघडली, पण वाचता येते का?

हा भाग मी मुद्दाम लांबवणार आहे, कारण पैसे परत मागण्याची खरी कारणं इथेच असतात.

सांगलीच्या पुस्तकाची फाईल होती १९० एमबी. फोनने काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो, तसे चाळीस फोटो जसेच्या तसे टाकले की एवढं होणारच. जीमेलला अटॅचमेंटची मर्यादा २५ एमबी आहे, आणि ज्याचा फोन आधीच भरलेला आहे त्याला १९० एमबी उतरवताना घाम फुटतो. स्क्रीनवर वाचायच्या पुस्तकाला फोटो १५० डीपीआयचे पुरतात. तसे करून घेतले की असं पुस्तक साधारण १५ एमबीच्या आत बसवता येतं. चिवड्याच्या फोटोत तसूभर फरक दिसत नाही.

मग फॉन्ट. पीडीएफ बनवताना फॉन्ट फाईलमध्येच बसवलेला नसेल तर दुसऱ्याच्या फोनवर "ष्ट", "ज्ञ", "र्क" यांचे तुकडे पडतात किंवा नुसते चौकोन दिसतात. म्हणून युनिकोड फॉन्ट वापरा, मुक्ता किंवा बालू हे मोफत आणि मुक्त परवान्याचे आहेत, आणि तयार फाईल एखाद्या जुन्या, स्वस्त अँड्रॉइड फोनवर उघडून बघा. डीटीपीवाल्याकडून काम करून घेतलं असेल तर त्याला आधीच सांगा की युनिकोडच हवं. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये पान छान दिसतं, पण पीडीएफमध्ये "अनारसे" असं शोधलं तर काहीच सापडत नाही.

तिसरी गोष्ट पानाचा आकार. रेसिपीचं पुस्तक कोण कुठे वाचतं? फोन मिक्सरला टेकवून, बेसनाच्या हाताने. ए-फोर आकाराचं पान फोनवर मुंगीएवढं दिसतं, मग दोन बोटांनी मोठं करायचं, आणि बोटांना तर तेल. त्यामुळे पान फोनच्या उभ्या आकाराचं करा, एका पदार्थाचं साहित्य एका नजरेत दिसू द्या आणि कृती लगेच पुढच्या पानावर. तिने हे बदललं तेव्हा ५८ पानांची ७४ झाली. होऊ देत, पानांना कागद लागत नाही.

प्लॅनरचं बरोबर उलटं. तो छापायचाच असतो. तिथे ए-फोर हवं, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. डावीकडे पंचिंगसाठी १५ ते २० मिलिमीटर मोकळे ठेवा आणि बाकीच्या कडांना निदान ५, कारण घरचे बहुतेक प्रिंटर अगदी काठापर्यंत छापत नाहीत. अमेरिकेत विकणार असाल तर तिकडचा कागद लेटर आकाराचा, २१६ बाय २७९, थोडा रुंद आणि बुटका. दोन्ही फाईली द्या. एट्सीवर एका लिस्टिंगला पाच फाईली चालतात, प्रत्येकी २० एमबीपर्यंत, त्यामुळे अडचण येत नाही. आणि गिऱ्हाइकाला एक ओळ लिहा की छापताना "Actual size" निवडा, नाहीतर रकाने आक्रसतात. हो, आणि गडद रंगाची पार्श्वभूमी नको. आपल्याकडे प्लॅनर झेरॉक्सच्या दुकानात जाऊन काळा-पांढरा छापतात. तुमचा सुंदर जांभळा रंग तिथे राखाडी चिखल होतो आणि त्यावर पेनाने लिहिलेलं दिसत नाही.

[१४:०५] किंमत: ४९, १४९ की २४९?

तिच्या मनात ४९ होते. कारण विचारलं तर म्हणाली, "यूट्यूबवर सगळं फुकट आहे ना, ताई." म्हटलं बरोबर आहे. चकलीची कृती फुकट आहे. मग तू विकतेस काय?

पुस्तक उघडून बघितलं तर उत्तर तिथेच होतं, फक्त शेवटच्या पानांवर लपलेलं. तिच्या आईने वाण्याची यादी दिली होती: चार माणसांच्या घरासाठी सगळा फराळ करायचा तर कोणती डाळ किती, पोहे किती, तूप किती, एकत्र बेरीज करून. आणि दिवसांचं वेळापत्रक. अनारशाचे तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवायचे, मग सुकवून, कुटून, गूळ मिसळून ते पीठ आणखी काही दिवस मुरवायचं. म्हणजे अनारसे पहिल्यांदा सुरू करायचे आणि जवळजवळ शेवटी तळायचे. शंकरपाळे, चकली आधी, ओल्या नारळाच्या करंज्या अगदी शेवटी कारण त्या टिकत नाहीत. आणि एक पान "बिघडलं तर". चकली तेलात विरघळते, म्हणजे मोहन जास्त झालं. कडक होते, म्हणजे कमी पडलं. अनारसा तुपात हसला, तर गूळ जास्त झाला असं समजायचं. व्हिडिओत दर वेळी सगळं नीटच होतं. पहिल्यांदा एकटीने फराळ करणाऱ्या मुलीला हवी असते ती यादी, ते वेळापत्रक आणि ते बिघडल्याचं पान. ते पुढे आणायला सांगितलं आणि विक्रीच्या पोस्टमध्येही तेच दाखवायला सांगितलं.

आता आकडे. साहित्य पुन्हा पुन्हा करून बघण्यात, मुखपृष्ठ आणि मांडणी करून घेण्यात त्यांचे मिळून १०,००० रुपये गेले होते. दोघींचा वेळ धरलेला नाही. गेटवेचं शुल्क जीएसटीसकट २.३६ टक्के धरलं, तर ४९ रुपयांतले हातात ४७.८४ येतात, १४९ मधले १४५.४८ आणि २४९ मधले २४३.१२. नुसता खर्च भरून निघायला ४९ च्या दराने २१० प्रती विकाव्या लागतील, १४९ ने ६९ आणि २४९ ने ४२.

२१० आणि ६९ यात फक्त प्रतींचा फरक नाही. प्रत्येक गिऱ्हाईक निदान एक मेसेज करतंच: लिंक उघडत नाही, गूळ कुठला घेऊ, तेल किती तापवू. ४९ रुपयांचं गिऱ्हाईक १४९ वाल्यापेक्षा कमी प्रश्न विचारत नाही. २१० जणांशी बोलण्यात आईचा जो वेळ जाईल तो ४९ रुपयांत बसत नाही. आणि किंमत तिसऱ्या हिश्शावर आणली म्हणून गिऱ्हाइकं तिप्पट होतील याची काही खात्री नाही. तुमची पोस्ट जितक्या लोकांपर्यंत पोचते तितकीच पोचते. दुसऱ्या बाजूला २४९ म्हटलं की लोक छापील पुस्तकाशी तुलना करतात, आणि छापील पुस्तक भेट देता येतं, कपाटात ठेवता येतं. म्हणून आम्ही १४९ वर थांबलो. तीन पदार्थांची छोटी पीडीएफ मात्र फुकट. त्यात वेळापत्रकाचं एक पान घालायचं, म्हणजे पुढे काय आहे ते कळतं. शिवाय ज्याच्या फोनवर फुकटची फाईल नीट उघडली, त्याच्याकडे मोठीही उघडणार, ही चाचणी आपोआप होते.

परताव्याचं धोरण विक्रीच्या पानावरच लिहा. डिजिटल वस्तू परत घेता येत नाही, हे खरं, पण फाईल उघडली नाही आणि दोन प्रयत्नांत सुटलं नाही तर पैसे परत. १४९ रुपयांसाठी कमेंटमध्ये भांडण घालण्यात काही अर्थ नाही.

जीएसटीचं विचारणारे खूप असतात. महाराष्ट्रात सेवांसाठी सर्वसाधारणपणे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. परदेशात विक्री सुरू केली की मात्र एकदा सीएकडे जाऊन बसा, तो वेगळा विषय आहे.

[२०:३०] आता ती चोरीची भीती

"चोरी" म्हणताना आपण तीन वेगवेगळ्या माणसांना एकाच गाठोड्यात बांधतो.

पहिली आहे मावशी. तिने १४९ दिले, पुस्तक आवडलं, आणि "बघा गं किती छान" म्हणून बहिणींच्या ग्रुपवर टाकलं. तिला आपण काही चुकीचं करतोय हे माहीतही नसतं. त्या ग्रुपवरच्या बाराजणींपैकी किती जणी विकत घेणार होत्या? बहुतेक जणी फाईल उघडणारही नाहीत. हे नुकसान शून्य नाही, पण १२ गुणिले १४९ इतकंही नाही.

या मावशीसाठी लोक पासवर्ड लावतात. माझा त्याला विरोध आहे. ज्याला पासवर्ड मिळाला तो फाईल उघडून पुन्हा पीडीएफ म्हणून छापू शकतो, स्क्रीनशॉट काढू शकतो, किंवा सरळ पासवर्डसकट फॉरवर्ड करतो. म्हणजे अडवलं कोणाला? ज्या काकूंनी पैसे दिले त्यांना, कारण दिवाळीच्या दिवशी पासवर्ड आठवत नाही आणि तुमचा फोन लागत नाही. ड्राइव्हवर डाउनलोड बंद करून "फक्त बघा" ठेवण्याचंही तसंच. स्वयंपाकघरात रेंज गेली की पुस्तक गेलं. मोठ्या प्रकाशकांनीही हे करून बघितलेलं आहे. विज्ञानकथा छापणाऱ्या टॉर या प्रकाशनाने २०१२ मध्ये आपल्या ई-पुस्तकांवरची कुलपं काढून टाकली, आणि वर्षभरानंतर त्यांनी जाहीर केलं की चोरीत लक्षात येण्याजोगी वाढ दिसली नाही.

कुलपापेक्षा नाव बरं. दुसऱ्या पानावर ओळ टाकायची: "ही प्रत अमुक यांच्यासाठी, ऑर्डर क्रमांक अमुक." स्वतःचं नाव असलेली वस्तू माणूस जरा विचार करून पुढे ढकलतो. पेहिप आणि गमरोडवर पीडीएफवर खरेदीदाराची ओळख उमटवायची सोय आहे. व्हॉट्सॲपने पाठवत असाल तर पहिल्या पंचवीस जणांसाठी ते एक पान हाताने बदलणं जमण्यासारखं आहे. मोबाइल नंबर मात्र छापू नका. फाईल फुटली तर एका बाईचा नंबर अनोळखी शंभर जणांकडे जाईल, आणि त्याला जबाबदार आपण. आणि त्याच पानावर साध्या शब्दांत लिहा: ही प्रत तुमच्या घरासाठी आहे, मैत्रिणीला हवी असेल तर ही लिंक. म्हणजे फाईल ग्रुपवर गेलीच तर तिच्या पोटात दुकानाचा पत्ताही जातो. मावशीशी भांडायचं नाही, तिच्याकडून जाहिरात करून घ्यायची.

दुसरा माणूस वेगळा आहे. तो टेलिग्रामवर चॅनेल चालवतो किंवा "५०० पीडीएफ फक्त ९९ रुपयांत" असं विकतो. याच्यावर वेळ घालवायचा, पण मोजून. पुस्तकात अशी एक ओळ ठेवा जी जगात दुसरीकडे असणारच नाही, आईच्या बोलण्यातली एखादी. महिन्यातून एकदा ती अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा, सोबत हे जोडून:

```
"तुमची खास ओळ" filetype:pdf
"पुस्तकाचं नाव" site:t.me
```

टेलिग्रामच्या आतही पुस्तकाच्या नावाने शोधा, कारण तिथलं सगळं गूगलला दिसत नाही. सापडलं की आधी स्क्रीनशॉट, लिंक आणि तारीख जपून ठेवा, मग तक्रार करा. आधी चॅनेलवाल्याला शिव्या दिल्यात तर तो नाव बदलून मोकळा होतो.

कॉपीराइटसाठी नोंदणी करावी लागते असा मोठा गैरसमज आहे. १९५७ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही लिहिलंत, फोटो काढलात, त्या क्षणी हक्क तुमचा. नोंदणी ऐच्छिक आहे. पुरावा म्हणून मूळ फोटो, तारखांसकट जुने मसुदे, डीटीपीवाल्याशी झालेले मेल हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा. बहुतेक प्लॅटफॉर्मचा स्वतःचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म किंवा ईमेल असतो, तिथून सुरुवात करा. मूळ कामाची माहिती, चोरलेल्या प्रतीची नेमकी लिंक आणि हक्क तुमचा असल्याचं निवेदन, एवढं द्यावं लागतं. चॅनेलचं नुसतं नाव देऊन भागत नाही, त्या पोस्टची लिंक हवी.

आपल्या कायद्यात याहून कडक रस्ताही आहे. कॉपीराइट नियम २०१३ मधल्या ७५ व्या नियमाप्रमाणे लेखी तक्रार मिळाल्यावर, ती ग्राह्य वाटली तर, मध्यस्थाने ३६ तासांत ती गोष्ट बंद करायची असते. पण यात एक मेख आहे, ती कोणी सांगत नाही. त्या तक्रारीत तुम्हाला लिहून द्यावं लागतं की मी न्यायालयात दावा लावेन आणि २१ दिवसांत आदेश आणून देईन. आदेश नाही आला तर ते पुन्हा सुरू होऊ शकतं. १४९ रुपयांच्या पुस्तकासाठी वकील लावणं परवडत नाही, म्हणून व्यवहारात प्लॅटफॉर्मचा फॉर्मच कामाला येतो. मोठं नुकसान असेल तर कोर्टात दाद मिळतेही. स्पर्धा परीक्षांच्या शिकवणीचं साहित्य टेलिग्रामवर फुकट फिरत होतं, तेव्हा २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला ते चॅनेल चालवणाऱ्यांची माहिती द्यायला सांगितलं होतं. "टेलिग्रामवर कोणाचं काही चालत नाही" हे म्हणूनच पूर्ण खरं नाही.

तिसरा माणूस तुमचं पुस्तक घेऊन, नाव बदलून स्वतःचं म्हणून विकतो. इथे जरा थांबून समजून घ्या. चकलीच्या भाजणीचं प्रमाण कोणाच्या मालकीचं नाही. अमुक वाट्या तांदूळ आणि तमुक वाट्या डाळ ही माहिती आहे, तिच्यावर कॉपीराइट लागत नाही. तुमचे शब्द, फोटो, मांडणी, ती वेळापत्रकाची रचना यांवर लागतो. कोणी तेच प्रमाण स्वतःच्या शब्दांत लिहिलं तर तक्रारीला जागा नाही. परिच्छेद आणि फोटो उचलले तर आहे. आणि हा नियम आपल्यालाही लागू. कमलाबाई ओगल्यांचं "रुचिरा" १९७० साली आलं, आणि आपल्या अर्ध्या आयांचा हात त्यावरच बसला आहे. त्यातलं शिकून, स्वतः करून, स्वतःच्या भाषेत लिहिणं ठीक. त्यातली वाक्यं उचलणं नाही. गूगलवरून घेतलेले फोटोही नाहीत. तिने चिरोट्याचा एक फोटो तसा घेतला होता, तो काढायला सांगितला. आई म्हणाली, "त्यात काय, पुन्हा करते की चिरोटे."

या तिसऱ्या माणसावर एक साधा उपाय आहे, जो मावशीवरही चालतो. पुस्तक जिवंत ठेवा. दिवाळीआधी एखादं प्रमाण सुधारलं, दोन पदार्थ वाढवले, तर विकत घेतलेल्या सगळ्यांना नवी फाईल फुकट. फाईलच्या नावात आवृत्ती दिसू द्या, `diwali_faral_v2.pdf` अशी. चोरलेली प्रत तिथेच जुनी होऊन बसते. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टने पाठवणार असाल तर एक लक्षात ठेवा, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो मेसेज जातो. म्हणून पहिली फाईल देतानाच "नंबर सेव्ह करा, सुधारित आवृत्ती येईल" असं सांगायचं. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात.

[३१:२०] तर सांगलीचं काय ठरलं?

घटस्थापनेपासून वसुबारसेपर्यंत साधारण २५ दिवस मिळतात. अनारशाची तयारीच आठ-दहा दिवस आधी सुरू होते, म्हणजे पुस्तक त्याच्याही आधी हातात हवं. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी फराळाचं पुस्तक कोणी घेत नाही. म्हणून फुकटची छोटी फाईल नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात, पहिल्या पंचवीस प्रती घटस्थापनेपासून व्हॉट्सॲपवर हाताने, दुसऱ्या पानावर नाव घालून. त्यांच्या अडचणी बघून दुरुस्त्या, आणि दसऱ्याला पेमेंट पेज सुरू. तक्रारींचा फॉर्म, खास ओळ आणि मूळ फोटोंचा फोल्डर आत्ताच तयार आहे.

कालच तिचा मेसेज आला. आई विचारते आहे की दुसऱ्या पानावर गिऱ्हाइकाच्या नावाआधी "सौ." लावायचं का. मी म्हटलं, नको, ज्या नावाने पैसे आले तेच जसंच्या तसं घाला. पुरुषही फराळ करतात, आणि ऑर्डर शोधतानाही तेच नाव लागतं.

तुमचे प्रश्न व्हॉइस नोटवर पाठवा, एक मिनिटाच्या आत असेल तर बरं. भेटू पुढच्या भागात.